खांबाला आपटलेली हनुवटी आणि बेचाळीस मुलांचा खो-खो

पत्र

मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. यंदा आठवीची शारीरिक शिक्षणाची तासिकाही माझ्याकडे आली. मुलं ४२, वेळ ३५ मिनिटं आणि मी एकटी. गेल्या आठवड्यात खो-खो खेळताना एक मुलगी खांबावर आपटली, हनुवटीला तीन टाके पडले. मुख्याध्यापक म्हणतात, खो-खो बंद करा, कवायत घ्या. वर्गात एका मुलाला दमा आहे, एक मुलगा वजनाने बराच जास्त आहे आणि सारखी कारणं सांगून बसतो. एका मुलीच्या पायाचं लहानपणी ऑपरेशन झालंय, ती थोडी लंगडते. या तिघांना मी गुण लिहायला बसवते. काही मुली महिन्याच्या दिवसांत बसून राहतात. धावतात ती तीच ती दहा मुलं. सगळ्यांना खेळवता येईल आणि कुणाला लागणारही नाही असं पाठ टाचण कसं करू?

उत्तर

प्रिय ताई,

आधी त्या मुलीबद्दल विचारते. हनुवटीवर जोराचा मार बसला की धक्का जबड्यातून डोक्यापर्यंत जातो. टाके घातले म्हणजे प्रकरण मिटलं असं समजू नका. तिचं डोकं दुखतंय का, मळमळतंय का, वाचताना लक्ष लागत नाही असं होतंय का, हे तिच्या आईला विचारा. यातलं एक जरी असेल तरी डॉक्टरांना पुन्हा दाखवायला सांगा, आणि ते हो म्हणेपर्यंत तिला धावायला लावू नका. पुढेही हाच नेम ठेवा. डोक्याला मार लागलेलं मूल "बाई, मला काही झालं नाही" म्हणालं तरी त्या दिवशी परत खेळत नाही. उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी किंवा असंबद्ध बोलणं दिसलं तर वाट न पाहता दवाखाना.

आता ती आपटली का, ते पाहू, कारण टाचणाची सुरुवात तिथूनच होते. खो-खोचा खांब जमिनीपासून १२० ते १२५ सेंटिमीटर उंच असतो. आठवीचं मूल वेगात पुढे झुकून येतं तेव्हा त्याची हनुवटी नेमकी त्याच उंचीला असते. त्यातच पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा धरली की खांबापर्यंत पोचल्याशिवाय त्याला मागे वळता येत नाही. म्हणजे ज्या मुलाला अजून खो देता येत नाही, ते शेवटपर्यंत धावतं आणि पूर्ण वेगात खांबाकडे येतं. पळणारा गडीही जीव वाचवायला त्याच खांबाभोवती फिरत असतो. सगळा वेग एका लाकडाभोवती गोळा होतो आणि तिथेच टक्कर होते. मुलं बेशिस्त होती म्हणून हे घडलं नाही. पूर्ण मैदान आणि पूर्ण नियम नवशिक्या मुलांना एकदम दिले, म्हणून घडलं.

कवायत घेतली तर टक्कर होणार नाही, हे खरं. पण दम्याचा मुलगा आणि लंगडणारी मुलगी कवायतीतही मागच्या रांगेत उभी राहतील. माझं म्हणणं असं की खो-खो ठेवा, त्याचा आकार बदला. तुमच्या त्या तिघांचा प्रश्नही आकार बदलल्यानेच निम्मा सुटतो.

मैदान लहान करा

पूर्ण मैदान २७ मीटर लांब, १६ मीटर रुंद. त्यावर एका वेळी बारा जण: आठ बसलेले, एक पाठलागावर, तीन पळणारे. तुमच्या ४२ पैकी ३० मुलं बाहेर बसून बघत असणार, आणि आतल्या बारांतही खरी धावपळ चौघांचीच. तीच ती दहा मुलं धावतात, हे याच हिशेबातून आलं आहे.

शेजारी-शेजारी तीन छोटी मैदानं आखा. प्रत्येकाची लांबी १२ मीटर, रुंदी ८ मीटर. मध्यपाटीवर पाच चौक, दोन-दोन मीटर अंतरावर. दोन मैदानांच्या मध्ये ३ मीटर मोकळी जागा आणि दोन्ही टोकांच्या मागेही ३ मीटर. सगळं मिळून ३० बाय १८ मीटर जागा लागते, बहुतेक शाळांच्या पटांगणात ती निघते. तेवढी नसेल तर दोनच मैदानं करा आणि उरलेल्या मुलांना दोरीउड्यांवर ठेवून अर्ध्या वेळाने गट बदला.

खांब सध्या काढून ठेवा. त्याच्या जागी एक मीटर व्यासाचं वर्तुळ आखा. पाठलाग करणाऱ्याने त्यात एक पाय टाकला की खांब झाला असं धरायचं, मग तो दुसऱ्या बाजूला वळू शकतो. पळणाऱ्याने त्या वर्तुळाच्या रेषेत आणि त्याच्या मागे यायचंच नाही. टोकाची जागा एकाच बाजूची झाली की समोरासमोरची टक्कर उरत नाही.

मैदान आखायला फक्की वापरा, रंगकामाचा चुना नको. चुना ओल्या डोळ्यात गेला तर डोळा भाजतो, आणि खो-खोत तोंड जमिनीजवळ असतंच. कधी गेलाच तर चोळू न देता साध्या पाण्याने पंधरा-वीस मिनिटं धूत राहायचं आणि मग दवाखाना.

प्रत्येक मैदानावर १४ मुलं: सहा पाठलागाची, सहा पळणारी (तीन-तीनच्या दोन तुकड्या), एक पंच आणि एक नोंद करणारा. तुमच्या बेचाळीसात एकही मूल नुसतं बसून राहत नाही.

पस्तीस मिनिटांचा हिशेब

मैदानावर येणं आणि हजेरी ३ मिनिटं, अंग गरम करणं ८, नियम करून दाखवणं ४, खेळ १४, अंग सैल करणं ४, परत जाणं २. खेळाच्या १४ मिनिटांत दोन-दोन मिनिटांचे चार डाव, दोन डावांनंतर ३ मिनिटं पाण्याची, बाकी अदलाबदलीची. डावात पहिला मिनिट पहिली तुकडी पळते, दुसरा मिनिट दुसरी. दर डावाला पंच आणि नोंद करणारा बदलतात. चार डावांत आठ मुलांची पाळी होते, उरलेल्या सहांची पुढच्या तासाला.

हजेरी घेताना मुलांना मैदानाच्या रुंदीत एका ओळीत उभं करा आणि चालत पुढे न्या. वाटेत खडा, काच, काटा, बाटलीचं झाकण जे दिसेल ते उचलायचं आणि टोकाला ठेवलेल्या डब्यात टाकायचं. बेचाळीस जोडी डोळे मैदान जसं तपासतात, तसं आपल्या एकटीच्याने होत नाही. त्याच वेळी तुम्ही ओळीसमोरून फिरून बांगड्या, घड्याळं, कानातली लोंबती रिंगं, मोकळी ओढणी आणि वाढलेली नखं बघून घ्या. पायांचा नियम एकच असू द्या, सगळे बुटात किंवा सगळे अनवाणी. बुटातल्या मुलाचा पाय अनवाणी मुलाच्या बोटांवर पडतो तेव्हा नख उखडतं, हे मी पुष्कळदा पाहिलंय.

आठ मिनिटांचं अंग गरम करणं दम्याच्या मुलासाठी फार महत्त्वाचं आहे. एकदम जोरात धावलं की दम्याच्या श्वासनलिका आकसतात. हळूहळू चढवत नेलं, मध्ये थांबे दिले, की हा त्रास बऱ्याच मुलांना कमी होतो. आधी दोन मिनिटं भरभर चालणं, मग चौकात उकिडवं बसून उठणं, मग दहा मीटरच्या छोट्या पळत्या. पहिल्या दोन निम्म्या वेगाने, पुढच्या दोन जरा जोरात, मध्ये चालत परत. शेवटी शिट्टीचा सराव, त्याबद्दल खाली लिहिते. हे सगळ्या वर्गासाठीच घ्या, त्याच्या एकट्यासाठी नाही.

नियम चार, आणि चारही खेळात बसवलेले

नियमांची यादी वाचून दाखवली की मुलं मान हलवतात आणि पहिल्याच खोला विसरतात. म्हणून चारच ठेवा आणि प्रत्येक नियम मोडला की खेळात काय होतं, ते आधीच ठरवून टाका.

पहिला: लांब शिट्टी वाजली की जो जिथे असेल तिथे खाली बसतो. शिट्टी तुमच्या एकटीकडे. वेळेसाठी वेगळी छोटी घंटा ठेवा, म्हणजे शिट्टीचा अर्थ एकच राहील. अंग गरम करतानाच हे तीनदा करून घ्या, अगदी धावताना. तीन मैदानांवर एक शिक्षिका म्हटल्यावर हा एक नियम तुमचे दोन जादा हात आहेत.

दुसरा: हात लावायचा तो उघड्या तळव्याने, खांदा ते कंबर या भागात, पाठीवर. ढकललं किंवा कपडा ओढला तर गुण नाही आणि खो लगेच दुसऱ्याला. सूर मारणं पूर्ण बंद. मुरमाच्या मैदानावर सूर मारायला महिनोन् महिने शिकावं लागतं.

तिसरा: बसलेल्याचे दोन्ही पाय चौकात, हात जमिनीवर किंवा गुडघ्यावर, बाजूला पसरलेले नाहीत. पळणारा दोघांच्या मधून आरपार जातो तेव्हा त्याचा पाय अडकतो तो याच पसरलेल्या हातात. त्यात बोटं मोडतात. पंचाने पहिल्या डावात फक्त हेच बघायचं.

चौथा नियम नेहमीच्या खो-खोत नाही, मी घातलेला आहे: पाठलाग करणाऱ्याने निघाल्यापासून तिसरा चौक ओलांडायच्या आत खो दिलाच पाहिजे. नाही दिला तर विरुद्ध बाजूला एक गुण. या एका नियमाने धाव सहा-सात मीटरची होते, पूर्ण वेग येण्याआधीच संपते, आणि खो फिरत राहतो. चांगले खो-खोपटू छोटे छोटे खो देऊनच समोरच्याला कोंडीत पकडतात, त्यामुळे यात खेळही शिकला जातो.

हे चारही करून दाखवा. दोन मुलांना चौकात बसवा, एकाला हात पसरायला सांगा आणि तुम्ही स्वतः चालत मधून जा. पाय कुठे अडकतो ते मुलांना दिसतं, आणि मग ती एकमेकांना ओरडून सांगतात, "हात आत घे!"

खो कुणाला मिळतो, ते मोजा

माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका शाळेत दम्याचा एक मुलगा होता. मी भीतीपोटी त्याला वर्षभर गुणलेखक केलं. पोरगं हुशार, नियम माझ्यापेक्षा पाठ. वार्षिक तपासणीच्या दिवशी एक गडी कमी पडला म्हणून त्याला आत घेतलं. तो चौकात बसला आणि खो मिळाल्यावर उठलाच नाही. खो म्हणताना पाठीवर हात बसतो तेव्हा कुठल्या पायावर उठायचं, हे त्याच्या अंगाला कधी कळलंच नव्हतं. वर्षभर मी त्याला खेळाच्या शेजारी बसवलं होतं. त्याचा चेहरा मला अजून आठवतो.

तेव्हापासून माझ्या वर्गात नोंद करणारा गुण लिहीत नाही, खो मोजतो. कागदावर पाठलागाच्या सहा जणांची नावं, आणि ज्याला खो मिळाला त्याच्या नावापुढे एक रेघ. डाव संपला की कागद बोलतो. पहिल्यांदा हे केलं तेव्हा एका चपळ मुलीपुढे नऊ रेघा होत्या आणि दोन मुलांपुढे एकही नव्हती. दोघंही दोन मिनिटं उकिडवी बसून होती. बाहेरून बघताना मला वाटत होतं, सगळे खेळताहेत.

म्हणून गुणांची पद्धत अशी ठेवा: गडी बाद केल्याचा एक गुण, आणि डावात बसलेल्या पाचही जणांना किमान एकदा खो मिळाला तर दोन गुण. मग कप्तानच ओरडतो, "त्याला दे, त्याला अजून मिळाला नाही!" वजनदार मुलाला खो देणं हे उपकार राहत नाहीत, संघाची गरज होते.

आणि बाद झालेल्याला बाहेर बसवू नका. तो मैदानाच्या बाजूच्या रेषेबाहेर जाऊन दहा आकडे मोजतो आणि परत आत येतो. बाद म्हणजे बाहेर, असं ठेवलं की सगळ्यात कमी सराव मिळतो तो ज्याला सगळ्यात जास्त हवा त्याला.

त्या तिघांचं काय

सवलत कुणा एकाच्या नावावर देऊ नका. वर्गासाठी खुली ठेवा, ज्याला हवी तो घेईल. तेराव्या-चौदाव्या वर्षी "हा आजारी आहे म्हणून" हे शब्द मुलाला फार लागतात. लहानपणी आपण धाकट्या भावंडाला लिंबूटिंबू करून खेळात घ्यायचो, तो बाद होत नसे. पाच वर्षांच्या पोराला त्यात मजा वाटते. आठवीतल्या मुलीला लिंबूटिंबू केलं तर ती दुसऱ्या दिवशी पोटदुखीची चिठ्ठी आणते.

दोन खुल्या सवलती पुरतात. एक, पळणाऱ्या तुकडीच्या मिनिटात तीस सेकंदांनी तुम्ही घंटा द्यायची, तेव्हा कुणीही स्वतःहून रेषेबाहेर येऊ शकतो. गुण जात नाही, कारण विचारायचं नाही. दोन, चौकात उकिडवं बसण्याऐवजी कुणीही उभं राहू शकतो. उभा खो-खो हा आपल्याकडचा जुनाच खेळ आहे, त्यात कमीपणा काही नाही.

वजनाने जास्त असलेला तुमचा मुलगा "कारणं सांगतो" असं तुम्ही लिहिलंय. ताई, तुम्ही स्वतः दोन मिनिटं उकिडव्या बसून बघा. त्याच्या गुडघ्यांवर आणि घोट्यांवर तोच भार आणखी जास्त येतो, आणि वर पोटही आड येतं. त्याला उभं राहू द्या आणि मधल्या, म्हणजे तिसऱ्या चौकात ठेवा. तिथून कुठल्याही बाजूला गेलं तरी धाव छोटी. पळतीत तो पहिले काही तास तीस सेकंदांच्या घंटेला बाहेर येईल. कधीतरी घंटा होऊनही तो आत राहिलेला दिसेल. तेव्हा मोठ्याने शाबासकी देऊ नका, फक्त नोंदीच्या कागदावर तारीख घाला.

दम्याच्या मुलासाठी खो-खोचा पाठलाग हा खरं तर सोयीचा प्रकार आहे. पाच-सहा सेकंद धाव, मग बसणं, मग पुन्हा धाव. दम लागतो तो सलग लांब धावण्याने, आणि थंड, कोरड्या किंवा धुळीच्या हवेत जास्त. मैदानावर आदल्या दिवशी थोडं पाणी मारा, त्याला वाऱ्याच्या वरच्या बाजूचं मैदान द्या. त्याचा पंप दप्तरात, वर्गात, कुलपाआड राहता कामा नये. तो मैदानावर, तुमच्या कमरेच्या पिशवीत किंवा त्याच्याच खिशात हवा. खेळण्याआधी पंप घ्यायचा का, त्रास झाला तर किती फवारे, किती वेळाने, हे डॉक्टरांकडून एका चिठ्ठीवर लिहून मागवा आणि ती चिठ्ठी पंपासोबत ठेवा.

त्याला झेपतंय का, हे ओळखायला मी बेचा पाढा वापरते. डाव संपल्यावर सगळा गट एकत्र म्हणतो: बे एके बे, बे दुणे चार, बे त्रिक सहा, बे चोक आठ, बे पंचे दहा. एका दमात इथपर्यंत जो येतो तो ठीक. "बे दुणे..." ला जो श्वास घेतो, तो पुढच्या डावात पंच. दम्याचा त्रास कित्येकदा धावणं थांबल्यानंतर पाच-दहा मिनिटांनी चढतो, म्हणून शेवटची चार मिनिटं चालत घालवा आणि परत जाताना त्याला पुन्हा एकदा बोलतं करा. कोरडा खोकला थांबत नाही, खांदे वर उचलून श्वास घेतोय, बरगड्यांच्या मधली कातडी आत ओढली जातेय, वाक्य पुरं होत नाही, असं दिसलं तर त्याला किंचित पुढे झुकवून बसवा, झोपवू नका. चिठ्ठीप्रमाणे पंप द्या. तरी उतार पडत नसेल, किंवा ओठ निळसर दिसले, तर लगेच १०८ ला फोन. त्या वेळी बाकीची मुलं लांब शिट्टीला खाली बसलेली असतात, म्हणून शिट्टीचा सराव सगळ्यात आधी.

लंगडणाऱ्या मुलीबद्दल मी दुरून ठरवणार नाही आणि तुम्हीही ठरवू नका. पालकांकडून दोनच गोष्टी डॉक्टरांना विचारून घ्या: उड्या मारायला आणि त्या पायावर गर्रकन वळायला मनाई आहे का? मनाई नसेल तर तिला एकांतात विचारा, "तुला काय खेळावंसं वाटतं?" चौकातून उठताना कुठल्या पायावर जोर द्यायचा ते तिला पाच-सहा वेळा करून स्वतःला शोधू द्या. बाजू निवडायला मोकळीक आहेच, जो पाय भक्कम त्याच्या सोयीने ती डावी किंवा उजवी घेईल. पळतीची पाळी नको वाटली तर ती त्या डावात पाठलागाच्या कुणाशी अदलाबदल करू शकते, हीही सवलत सगळ्यांना. पंचाचं काम तिला आवडत असेल तर जरूर द्या, पण तिच्या पाळीइतकंच. अपंग मुलांना खेळाची संधी इतरांच्या बरोबरीने द्यावी, असं २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही स्पष्ट म्हटलंय. मुख्याध्यापकांशी बोलताना हे लक्षात असू द्या.

पाळीच्या दिवसांतल्या मुलींसाठी, आणि रात्री ताप येऊन गेलेल्या किंवा सकाळी उपाशी आलेल्या मुलांसाठीही, हजेरीच्या वेळी दोन ओळी करा: "आज पूर्ण" आणि "आज थोडं". ज्याने त्याने आपली ओळ धरायची, कारण विचारलं जाणार नाही. "थोडं"वाल्यांना पहिल्या दोन डावांत पंच-नोंदीची कामं आणि नंतर उभ्याने पाठलाग. पहिल्या आठवड्यात त्या ओळीत गर्दी होईल. होऊ द्या. थोडं म्हणजे बसून राहणं नाही हे कळलं की ती आपोआप ओसरते. महिनाभर सारखं तेच मूल तिथे दिसलं, तर मात्र त्याच्या घरी बोला.

चंद्रपूरचं म्हणून

तुमच्या भागासाठी एक गोष्ट वेगळी. वर्षाच्या सुरुवातीला पालकांकडून जी चिठ्ठी मागवाल तिच्यात दमा, हृदयाचा आजार, फिट येणं, ऑपरेशन यांच्याबरोबर सिकलसेलचाही प्रश्न ठेवा. पूर्व विदर्भात हा आजार असलेली मुलं वर्गात असतात, आणि शिक्षकांना कित्येकदा ते ठाऊक नसतं. अशा मुलाच्या अंगातलं पाणी कमी झालं, ते उन्हात तापलं किंवा दमेपर्यंत धावलं, तर हातापायांत, छातीत जीवघेण्या कळा येऊ शकतात. त्याने पाणी कधीही प्यावं, परवानगी लागू नये. दुखतंय म्हणालं तर ते आळस धरू नका, थांबवा, सावलीत घ्या, पाणी द्या, पालकांना बोलवा. छातीत दुखणं किंवा धाप असेल तर थेट दवाखाना. ही चिठ्ठी वर्गात वाचून दाखवायची नसते. तुमच्या टाचणवहीत ठेवा आणि बदली शिक्षकाला फक्त दाखवा.

तुमची तासिका दुपारच्या जेवणानंतरची असेल तर मार्चच्या आधीच कुणाशी तरी अदलाबदल करून सकाळची मागा. तुमच्याकडचं ऊन मी अनुभवलंय, त्यात कुठलंच टाचण चालत नाही. बदल मिळाला नाही तर त्या दिवसांत व्हरांड्यात उभा खो-खो चालत चालत खेळवा.

तुम्ही कुठे उभ्या राहाल

तिन्ही मैदानं एका रांगेत आहेत, तर रांगेच्या एका कडेला, सगळ्यात टोकाच्या मैदानाच्या बाहेर उभ्या राहा. ऊन तुमच्या पाठीशी असू द्या. मधल्या मैदानात शिरलात की दोन मैदानं एकाच वेळी दिसत नाहीत. एखाद्याला खो द्यायला शिकवायचा मोह होईल. तेव्हा त्याला तुमच्याकडे बोलवा, तुम्ही आत जाऊ नका. प्रथमोपचार पेटी, पाण्याचा पिंप आणि चार्ज असलेला फोन तुमच्या पायाशी.

खांब परत कधी आणायचा? चार-पाच तासांत मुलं तिसऱ्या चौकाआधी सहज खो द्यायला लागली, आणि हात पसरल्याचं ओरडून सांगायची गरज उरली नाही, की एका मैदानावर खांब रोवा. वरपासून खालपर्यंत जुनी सतरंजी किंवा गादीचा तुकडा गुंडाळून सुतळीने घट्ट बांधा, डोक्यावरही एक घडी येऊ द्या. पहिल्या दिवशी फक्त चालत जाऊन खांब धरायचा आणि वळायचं. शरीर खांबाच्या बाजूने जातं, डोकं खांबाच्या बाहेर राहतं, आतल्या हाताने धरायचं, एवढं पक्कं झालं की हलकं धावत. ज्या मुलीला लागलं तिला यात पुढे ढकलू नका, मागेही ठेवू नका. तिच्या मैदानावर वर्तुळच राहू द्या, आणि ती कधी खांबाच्या मैदानावर जाऊ का विचारते ते बघा.

मुख्याध्यापकांकडे आत्ताच वाद घालायला जाऊ नका. त्यांच्यापुढे टाके पडलेली मुलगी आणि तिचे पालक आहेत, त्यांची काळजी खरी आहे. झालेल्या अपघाताची नोंद वहीत तारखेसह करा: कुठे, कसं, काय उपचार, आणि त्यानंतर मैदानात काय बदललं. ती नोंद आणि मैदानाचा हाताने काढलेला नकाशा घेऊन चार तासांची परवानगी मागा, खांबाशिवायच्या खेळाची. पहिल्या तासाचे खो-नोंदीचे तिन्ही कागद जपून ठेवा. चौथा तास झाला की त्याचे तीन कागद शेजारी ठेवून त्यांना दाखवा, आणि त्या तिघांच्या नावापुढच्या रेघा त्यांना स्वतःच मोजू द्या.